या चुका टाळा: नवजात बाळाच्या गृहभेटी आणि रजिस्टर

रजिस्टर तपासताना रिकामा रकाना लगेच नजरेत भरतो. भरलेला पण चुकीचा रकाना कुणालाच खटकत नाही, आणि बाळाला खरा धोका त्यातूनच होतो. आशाताईंच्या एचबीएनसी भेटींमध्ये हे ठरलेल्या काही जागी घडतं.

सगळ्यात जास्त घोळ दिवस मोजण्यात होतो. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी भेट द्यायची, घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चुकून मोजणी बाळंतीण घरी आली त्या दिवसापासून सुरू होते आणि सगळा तक्ता पुढे सरकतो. पहिला दिवस म्हणजे जन्माचाच दिवस. बाळ 5 ऑगस्टला जन्मलं, तर भेटी 7, 11, 18, 25 ऑगस्ट, 1 सप्टेंबर आणि 15 सप्टेंबरला येतात. सिझर होऊन आई 10 ऑगस्टला घरी आली, तर तुमची पहिली भेट 11 ऑगस्टची, म्हणजे सातव्या दिवसाची. तिसऱ्या दिवसासमोर ‘दवाखान्यात’ एवढंच लिहा, तिथे अंदाजाने वजन भरू नका. जन्माची खबर मिळताच सगळ्या तारखा पेन्सिलीने मांडून ठेवल्या, की हा घोळ उरतच नाही.

वजनाचं तसंच. समजा, जन्माच्या वेळी कार्डावर 2,550 ग्रॅम आहे. सातव्या दिवशी झबलं, टोपडं आणि दुपट्यासकट बाळ झोळीत ठेवलं आणि काट्यावर 2,600 दिसलं. रजिस्टर म्हणतं, बाळ वाढतंय. कपडे काढून पाहिलं तर 2,350. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, पण आठवड्यानंतरही 200 ग्रॅम कमी असेल तर आईसमोर बसून बाळ स्तन नीट धरतंय का, दूध गिळतंय का हे पाहायला हवं, आणि एएनएम ताईंना कळवायला हवं. 2,600 लिहिलं की यातलं काहीच होत नाही. म्हणून आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा, मग बाळ उघडं ठेवा. थंडीत आजी कपडे काढू देत नाही, आणि तिची काळजी खरी असते. खोलीचं दार लावून घ्या, कपडे काढायच्या आधीच काटा तयार ठेवा. तरीही जमलं नाही, तर तेच कपडे नंतर वेगळे मोजून वजा करा.

श्वासाच्या आकड्यात सर्रास 40 किंवा 42 लिहिलेलं आढळतं, घरोघरी तेच. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवयही यातलीच. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. भरभर चार-पाच श्वास, मग क्षणभर थांबणं, हे त्याचं साधं चालणं असतं. त्यामुळे अर्ध्या मिनिटात थांबा आला तर आकडा कमी निघतो आणि भरभर श्वास आले तर जास्त. बाळ शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. 60 किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायची सोय करा, रजिस्टर नंतर. दूध ओढणं आधी चांगलं होतं आणि आज कमी झालं, अंग ढिलं पडलं, हातापायांबरोबर पोटही गार लागलं, तरी तेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना हे शिकवून नवजात मृत्यू कमी करून दाखवले. मोजणं अवघड नाही, त्याला फक्त तेवढा मिनिट द्यावा लागतो.

आणि माहेर. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, रजिस्टरमध्ये ‘माहेरी गेली’ असा शेरा पडतो आणि नोंद तिथेच संपते. माहेरच्या आशाताईला ती आल्याचं बाळंतपण झाल्यावर कळतं, कधी कधी तेही नाही. दोन्ही गावांत रजिस्टर ‘पूर्ण’ आणि बाळाकडे कुणीच गेलेलं नसतं. शेऱ्यात गाव, तिथल्या आशाताईचा मोबाईल, बाईचा आरसीएच नंबर आणि बाळंतपणाची संभाव्य तारीख लिहा, आणि त्याच दिवशी फोन करा. तारीख पाळीवरून काढताना बाई सणाच्या खुणेने सांगते. ‘संक्रांतीच्या चार दिवस आधी’ म्हणजे 2025 मध्ये 10 जानेवारी. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की 17 ऑक्टोबर. नंबर लागला नाही, तर गटप्रवर्तक ताईंकडून तिथला नंबर काढून घ्या, आणि 17 ऑक्टोबरच्या आधी पंधरा दिवस पुन्हा एकदा विचारा.