शनिवार फुल्ल, रविवार रिकामा: होमस्टे आणि खानावळ चालवताना या चुका टाळा

तारकर्ली-देवबाग भागात नोव्हेंबर ते मे या दिवसांत कुठल्याही होमस्टेवाल्याला विचारा, "सीझन कसा चाललाय?" उत्तर बहुतेक वेळा "शनिवारी जागाच नसते" असंच येतं. पण महिन्याची वही उघडली तर पैसे त्या मानाने दिसत नाहीत. न विकलेला बांगडा खारवून ठेवता येतो. मंगळवारची रिकामी खोली मात्र शनिवारसाठी राखून ठेवता येत नाही, सकाळ झाली की ती रात्र गेली. त्यामुळे कोणती रात्र कोणाला आणि कोणत्या अटीवर द्यायची, यावरच सगळा हिशेब ठरतो. बहुतेक चुकाही तिथेच होतात.

पहिला फोन आला, त्याला शनिवार दिला

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. २०२६ चा २६ जानेवारी सोमवारी येतो, म्हणजे शनिवार २४ आणि रविवार २५ या दोन्ही रात्रींना मागणी असणार. समजा तुमच्या सहा खोल्या आहेत आणि भाडं रात्रीला ३,५०० रुपये. डिसेंबरच्या शेवटी चौघांचे फोन येतात, चौघांनाही फक्त शनिवार हवाय, कारण रविवारी ते पुढे गोव्याला जाणार. तुम्ही चारही खोल्या देऊन टाकता आणि १४,००० रुपये वहीत मांडले जातात.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्या-कोल्हापुरातून कुटुंबं फोन करू लागतात. त्यांना शनिवार-रविवार दोन्ही रात्री हव्या असतात. तुमच्याकडे अशा दोनच खोल्या उरल्यात. उरलेल्या चार खोल्यांचा रविवार मोकळा आहे, पण फक्त रविवारसाठी मुलाबाळांना घेऊन तारकर्लीला कोण येणार? त्या चारही रात्री बुडाल्या.

आता उलटा हिशेब करा. त्याच चार खोल्या दोन रात्रींच्या अटीवर ठेवल्या असत्या तर एकेका खोलीचे ७,००० रुपये आले असते. म्हणजे चारपैकी दोनच भरल्या तरी १४,००० झालेच, आणि तिसरी भरली की २१,०००. शिवाय चादरी एकदाच बदलायच्या. निम्म्या खोल्या तरी दोन रात्रींसाठी जातील असं मागच्या वर्षांची वही सांगत असेल, तर थांबण्यात नुकसान नाही.

यावर मालवणी उत्तर ठरलेलं आहे: "इलेला गिऱ्हाईक सोडूचा कशाक?" भीती खरी आहे, म्हणून अटीला शेवटची तारीख हवी. जोडसुट्टीला दोन रात्रींची अट गुरुवार सकाळपर्यंत पाळा. त्यानंतर जे उरलं असेल ते एका रात्रीलाही सोडा, कारण ऐनवेळी निघणारे लोक एक रात्रच मागतात. ही अट सरसकट प्रत्येक शनिवारी लावू नका. साध्या शनिवारी रविवारची रात्र कोणीच मागत नसेल, तर अट घालून तुम्ही शनिवारही घालवाल. चूक होतेय की नाही हे ओळखायला एक सवय पुरते: ज्यांना "नाही" म्हणालात त्यांचीही नोंद ठेवा. तारीख, किती रात्री, किती खोल्या, एवढंच. नुसत्या झालेल्या बुकिंगच्या वहीत गमावलेलं गिऱ्हाईक दिसत नाही.

रांग वाढली म्हणून टेबलं वाढवली

होमस्टेला जोडून खानावळ असेल तर रविवारी दुपारी एक ते अडीच अंगणात माणसं ताटकळतात. पहिला उपाय सुचतो तो मांडव टाकून चार टेबलं वाढवण्याचा. त्याआधी पाच मिनिटं उभं राहून एकच गोष्ट बघा: बसलेल्यांच्या पुढे जेवण आहे की रिकामं पान?

हिशेब करू. ३२ जण बसतात, एक पंगत पाऊण तासात उठते, म्हणजे तासाला साधारण ४२ माणसं जेवू शकतात. पण आत तवा एकच आहे. त्यावर एका वेळी सहा थाळ्यांची सुरमई बसते आणि उलटून-पालटून एक घाणा उतरायला दहा मिनिटं जातात. म्हणजे तासाला ३६ थाळ्या. अडलंय ते तव्यापाशी. आणखी १६ खुर्च्या मांडल्यात तर अंगणातली रांग टेबलावर जाऊन बसेल, एवढंच. उलट वैताग जास्त, कारण बसलेल्या माणसाला वाटतं की आता पान येईल. दुसरा तवा आणि शेगडी आणलीत की तासाला ७२ थाळ्या निघतील, मग जागा कमी पडेल आणि टेबलं वाढवण्याला अर्थ येईल. क्रम हाच ठेवा.

गर्दी थोडी सरकवताही येते. मुक्कामाच्या पाहुण्यांना सकाळच्या आंबोळ्यांबरोबरच विचारून घ्या: जेवण सव्वाबाराला चालेल का, आणि मासा कोणता? त्यांची पानं एकच्या आत उठतात. रांगेतल्यांना "पाच मिनिटं हां" हे खोटं आश्वासन देऊ नका. पुढे ३० जण असतील आणि तासाला ३६ थाळ्या सुटत असतील तर थांबणं ५० मिनिटांचं आहे. तासभर सांगा, नाव आणि नंबर लिहून घ्या, समुद्रावर फिरून यायला सांगा. माणूस सांगितलेल्या वेळेआधी आत आला तर खूश होतो. ऑर्डरही रांगेतच घ्या, म्हणजे तव्याला पुढचं कळतं.

सवलत दिली, पण कुंपण घातलं नाही

सोमवार ते गुरुवार रिकामं जातं म्हणून फलकावर "१,८०० पासून" लिहिलं, की शनिवारचं गिऱ्हाईकही त्याच आकड्यावरून घासाघीस सुरू करतं. सवलतीला कुंपण हवं: फक्त सोमवार ते गुरुवार, किमान दोन रात्री, पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. ज्याला शनिवारीच सुट्टी आहे तो यात येऊ शकत नाही. निवृत्त जोडपी आणि लॅपटॉपवर काम करणारे येतात. तळाची मर्यादाही माहीत हवी. एका रात्रीचा धुलाई, साबण, वीज, नाश्ता असा वरखर्च ५०० रुपये असेल, तर १,५०० ला दिलेली मंगळवारची खोली हजार रुपये देऊन जाते. कर्जाचा हप्ता त्या हिशेबात धरू नका, तो खोली रिकामी असली तरी जाणारच आहे.

पावसाळ्यात मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद. येण्याचं कारणच नसेल तर भाडं निम्मं केल्याने गर्दी होणार नाही. त्यापेक्षा क्षमता आवरा. जुलैत लावणीला तुमची माणसंही शेतात असतात, तेव्हा सहापैकी दोनच खोल्या चालू ठेवा. गणपतीत घरचेच चाकरमानी येणार असतील तर त्या तारखा जूनमध्येच कॅलेंडरवर बंद करा. नाहीतर ॲपवरून खोली जाते आणि काकांना पडवीत झोपावं लागतं.

ॲडव्हान्स आणि दोन वह्या

मोठ्या हॉटेलांसारखं जास्तीचं बुकिंग घेऊन ठेवू नका. शंभर खोल्यांत तीन-चार जण न येण्याचा अंदाज धरता येतो, सहा खोल्यांत नाही. सगळे आले तर ३१ डिसेंबरच्या रात्री एका कुटुंबाला रस्त्यावर पाठवावं लागेल. त्याऐवजी निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि प्रतीक्षा यादी ठेवा. रद्द करण्याची मुदत ती खोली पुन्हा विकायला तुम्हाला किती दिवस लागतात त्यावर ठरवा: साध्या आठवड्याला दोन दिवस पुरतील, नाताळला पंधरा लागतील. आणि बुकिंगची वही एकच. वहिनींच्या फोनवर वेगळं, ॲपवर वेगळं असेल तर ॲडव्हान्स हातात आल्याआल्या आधी ॲपवरची तारीख बंद करायची, मग पावती पाठवायची.