माइक गेल्यावरचं पहिलं वाक्य

भाषण चालू असताना माइक बंद पडला की नवखा वक्ता हमखास एकच गोष्ट करतो. माइकवर दोनदा टिचकी मारतो आणि 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' विचारतो. माइक बंद असल्याने हा प्रश्न पहिल्या तीन रांगांपलीकडे जातच नाही. मागचे लोक आपसात बोलायला लागतात आणि एक मिनिटाने माइक सुरू झाला तरी त्यांना परत गोळा करायला आणखी पाच मिनिटं जातात.

म्हणून माइक गेला की बोलायचं एक राखीव वाक्य घरूनच लिहून न्यावं आणि ते माइकशिवाय बोलायचं आहे हे धरूनच लिहावं. इथे विनोद चालत नाही. पुढचे हसतात, मागच्यांना ते का हसले हे कळत नाही. वाक्य आठ-दहा शब्दांचं, एका श्वासात मावणारं आणि लोकांना काही करायला सांगणारं हवं: 'माइक बंद आहे. मागच्या मंडळींनी पुढे या. मी खाली येतो.' आधी हात वर करायचा, मग व्यासपीठावरून उतरायला लागायचं आणि उतरता उतरता हे बोलायचं. ऐकू आलं नाही तरी वक्ता खाली येतोय हे शेवटच्या रांगेला दिसतं आणि तेवढ्याने गप्पा थांबतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आणखी एक वाक्य पाठ असावं, ते साउंडवाल्यासाठी. मंडप आणि साउंड सांभाळणारा पुष्कळदा कन्नड बोलणारा असतो. त्याला मराठी समजतं, पण गडबडीत लांबून मारलेली मराठी हाक अर्धीच पोचते. 'अण्णा, माइक बंद आगेद, स्वल्प नोड्री', म्हणजे 'माइक बंद पडलाय, जरा बघा', एवढं पुरतं. कार्यक्रमाआधी त्याच्याशी दोन मिनिटं बोलून घेतलेलं असेल तर हाकेचीही गरज पडत नाही, तो तुमच्याकडे बघतच असतो.

त्या दोन मिनिटांत काय विचारायचं? पहिलं म्हणजे वायरलेस माइकला सेल कोणते लागतात. हातातल्या माइकला बहुधा पेन्सिल सेलची जोडी लागते. नवी जोडी स्वतःच्या खिशात ठेवावी, कारण सभागृहातले सेल आदल्या कार्यक्रमात किती वापरले गेलेत हे कुणालाच ठाऊक नसतं. दुसरं, रिसीव्हर कुठे ठेवलाय. त्यावर सहसा दोन दिवे असतात, RF आणि AF. RF लागला म्हणजे माइककडून लहरी येताहेत, AF लुकलुकला म्हणजे त्यांत आवाजही आहे. आवाज गेला आणि RF विझलेला असेल, तर सेल संपलेत किंवा माइकचं बटण बंद झालंय. RF चालू असून AF शांत असेल, तर बोलता बोलता अंगठा म्यूटवर गेलाय. दोन्ही दिवे ठीक असून हॉलमध्ये आवाज नसेल, तर दोष पुढे मिक्सरमध्ये किंवा वायरीत आहे. तिथे वक्त्याने हात घालू नये, दुसरा माइक मागावा. आवाज पूर्ण न जाता तुटत असेल तर आधी स्वतःचा हात बघा. पुष्कळ माइकची अँटेना खालच्या टोकाला असते आणि ती मुठीत झाकली की आवाज तुटतो.

तिसरा प्रश्न वीज गेल्यावरचा, आणि तो सगळ्यांत जास्त वेळा विसरला जातो: इन्व्हर्टरवर काय काय चालतं? वाचनालयांच्या आणि शाळांच्या हॉलमध्ये बऱ्याचदा फक्त ट्यूबलाइट आणि पंखे इन्व्हर्टरवर असतात. अँप्लिफायर आणि प्रोजेक्टर साध्या लाइनवर, म्हणजे दोन्ही एकदम जातात. पुष्कळ अँप्लिफायरला मागे 12 व्होल्टच्या बॅटरीची जोडणी असते. बॅटरी आणलीय का, हे आधी विचारलं तरच ती वेळेला हाताशी येते.

आता प्रोजेक्टर. पडद्यावर 'No Signal' दिसत असेल तर प्रोजेक्टर जिवंत आहे, केबल हलली आहे किंवा लॅपटॉपने चित्र पाठवणं थांबवलंय. केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, `Windows + P` दाबा आणि `Duplicate` निवडा. पडदा काळा असेल आणि वीज नुकती जाऊन आली असेल, तर प्रोजेक्टर घाईने चालू करायचा प्रयत्न करू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा तापलेला असताना त्याच्या आत दाब इतका असतो की तो लगेच पेटत नाही. थंड व्हायला एक-दोन मिनिटं तरी लागतात. वारंवार बटण दाबून ती कमी होत नाहीत. लेझर किंवा एलईडीचा असेल तर ही अडचण नाही.

या वेळी माइक चालू असेल तर वाक्य थोडं लांब चालतं. पण ते यंत्राबद्दल नको, विषयाबद्दल हवं. आणि ते तयार करायचं म्हणजे स्लाइडच्या छापील कागदावर खुणा करायच्या. उदाहरण घेऊ: बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरावर 40 मिनिटांचं भाषण, 18 स्लाइड. यातल्या 11 स्लाइडवर फक्त मुद्दे आहेत, त्यांच्यापुढे 'तोंडी' लिहा. किल्ल्याचा नकाशा, मंदिराचा तळ अशा 4 स्लाइडपुढे 'फळा' लिहा आणि प्रत्येक आकृती पाच रेघांत काढायचा सराव करा. उरलेली 3 कोरीवकामाच्या बारकाव्यांची छायाचित्रं आहेत. त्यांतली दोन सरळ सोडून द्यायची. तिसरं छताच्या कमळाचं, ते सोडता येत नाही, कारण बस्तीचं नावच त्यावरून आहे. म्हणून त्याच्यासाठी विषयाकडे परत आणणारं वाक्य एका कार्डावर लिहून ठेवा.

चौदाव्या मिनिटाला, नेमक्या त्याच स्लाइडवर वीज गेली असं धरू. माइकही गेला. हात वर, खाली उतरणं, 'मागच्या मंडळींनी पुढे या'. लोक सरकेपर्यंत पंधरा-वीस सेकंद जातात, तेवढ्यात कार्ड बघून घ्यायचं. कार्डावर त्या स्लाइडसाठी लिहिलेलं परतीचं वाक्य असतं: 'आता सगळ्यांनी या हॉलच्या छताकडे बघा. तिथे उलटं टांगलेलं दगडाचं कमळ आहे असं समजा. पाकळ्या 72, कारण मागच्या, आत्ताच्या आणि पुढच्या काळाचे चोवीस-चोवीस तीर्थंकर.' आकडा आणि त्याचं कारण एकत्र आलं की चित्र नसूनही कमळ ध्यानात राहतं. बस्ती 1204 सालची, रट्ट राजांच्या काळातली, हे त्याला जोडून सांगता येतं. यानंतर प्रोजेक्टर सुरू झाला तरी मागे जाऊन ती स्लाइड दाखवू नये, शेवटी दाखवावी.

विनामाइक किती लोकांपर्यंत पोचता येतं, याचा अंदाज बांधून ठेवावा. बंद हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं, पंखे बंद केले तर आणखी थोडी. ओरडायचं नाही. वाक्यं छोटी करायची, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं. उघड्या मंडपात भिंती नसल्याने आवाज परतत नाही, तिथे पाच-सहा रांगांपलीकडचा हट्ट सोडावा. आणि जुलै-ऑगस्टात खानापूरकडे पत्र्याच्या हॉलमध्ये पावसाची सर आली, तर माइक असून भागत नाही. त्या वेळचं राखीव वाक्य संयोजकांशी आधीच ठरवून ठेवलेलं असावं: 'चहा आत्ताच घेऊ, सर ओसरली की पुढे.'