श्रावणाआधीचे दोन नमुने, श्रावणातला एक: १६एस सिक्वेन्सिंगची तयारी

ठाण्याच्या कॉलेजातून तुम्ही चौघं पुढच्या आठवड्यात घणसोलीच्या आमच्या लॅबमध्ये याल, तेव्हा बोलायला वेळ कमी असेल, म्हणून आधीच लिहून ठेवते. तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला. श्रावणात मांसाहार बंद होतो, सोमवार-शनिवारचे उपवास येतात, ताटात साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि दाण्याचं कूट वाढतं. मग पोटातल्या जिवाणूंची वस्ती बदलते का? १६एस या जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या जनुकाचा तुकडा वाचून याचं उत्तर मिळू शकतं. पण मशीनमधून फरक दिसला म्हणजे तो श्रावणामुळेच पडला असं होत नाही. तो किटमुळे, पावसाळ्यामुळे किंवा मशीनने वाचलेले तुकडे, म्हणजे रीड, कमी-जास्त आल्यामुळेही दिसू शकतो. म्हणून बरीचशी तयारी पहिली ट्यूब भरण्याआधीच करायची आहे.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि आषाढी अमावास्येवर, म्हणजे गटारीवर, खूण करा. ‘आधीचा’ नमुना गटारीच्या दुसऱ्या दिवशी घेतलात तर तुमची तुलना नेहमीच्या जेवणाशी होणार नाही, वर्षातल्या सर्वांत मांसाहारी दिवसाशी होईल. आहारात मोठा बदल झाला की जिवाणूंचं प्रमाण एक-दोन दिवसांतही हलतं. म्हणून पहिला नमुना गटारीच्या साधारण १२ दिवस आधी घ्या, दुसरा त्यानंतर एका आठवड्याने, म्हणजे गटारीला पाच दिवस उरलेले असताना, आणि तिसरा श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात. आधीचे दोन कशाला, असं तुमच्यापैकी एकीने फोनवर विचारलं होतं. काहीही न बदलता माणसाचं पोट आठवड्याभरात किती हलतं हे त्या दोघांवरून कळतं. ती मोजपट्टी हातात नसेल तर तिसऱ्या नमुन्यातला फरक मोठा की छोटा, ते सांगताच येणार नाही.

माणसं २४ घ्या, १२ श्रावण पाळणारी आणि १२ न पाळणारी. न पाळणारी हवीतच, कारण पावसाळा सगळ्यांवर सारखाच येतो आणि दूषित पाण्याने पोट बिघडतं ते श्रावण बघून बिघडत नाही. इथे एक गोष्ट विसरू नका. घरात सासूबाई श्रावण पाळत असतील तर पूर्ण स्वयंपाकघर महिनाभर शाकाहारी होतं आणि ‘मी नाही पाळत’ म्हणणारा मुलगाही घरी वरण-भातच जेवतो. म्हणून नुसतं हो-नाही लिहू नका. प्रत्येक नमुन्याआधीच्या तीन दिवसांचं जेवण लिहून घ्या, बाहेर खाल्लेल्या बिर्याणीसकट. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेल्यांना या वेळी थांबवा. शौच घट्ट होती की पातळ, हे ब्रिस्टल तक्त्यातल्या १ ते ७ या क्रमांकाने नोंदवा, कारण जिवाणूंच्या प्रकारांची संख्या त्यावरही अवलंबून असते. आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी हातात येईपर्यंत एकही ट्यूब वाटू नका.

नमुना वाटाण्याएवढा पुरे, पण तो डीएनए टिकवणाऱ्या द्रावाच्या ट्यूबमध्येच जायला हवा. कोरड्या डबीत ठेवून तो दमट हवेत दुपारपर्यंत राहिला तर काही जिवाणू तिथेच वाढतात आणि नंतर ते पोटातलेच वाटतात. सगळ्यांना एकाच प्रकारचा द्राव द्या. ट्यूबवर पेनाने लिहिलेलं पुसलं जातं, तेव्हा छापील लेबल लावा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ट्यूबा त्याच दिवशी आमच्याकडे आणा, त्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जातील आणि ७२ वी ट्यूब येईपर्यंत तिथेच राहतील.

हे थांबणं अवघड जातं, मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही असंच आधी-नंतरचं काम केलं होतं. आधीच्या नमुन्यांचा डीएनए जुलैत काढला आणि नंतरच्यांचा सप्टेंबरमध्ये, नव्या लॉटच्या किटने. आलेखावर दोन गट इतके स्वच्छ वेगळे झाले की आम्ही आनंदाने बैठक बोलावली. मग दोन्ही वेळी सोबत चालवलेल्या मॉकचे, म्हणजे माहीत असलेल्या जिवाणूंच्या ठरलेल्या प्रमाणातल्या मिश्रणाचे, आकडे शेजारी ठेवले, तर ज्यांत काहीच बदललेलं नव्हतं ते मॉकही तसेच वेगळे झाले होते. सप्टेंबरमध्ये बीड बीटिंग, म्हणजे बारीक मण्यांसोबत हलवून पेशी फोडणं, कमी वेळ चाललं होतं. जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू नीट फुटलेच नाहीत, म्हणून ते कमी दिसले. चार महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं.

म्हणून एका माणसाचे तिन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच लॉटच्या किटने निघाले पाहिजेत. चार बॅच करा. प्रत्येकीत सहा माणसं, तीन पाळणारी आणि तीन न पाळणारी, म्हणजे १८ ट्यूबा, आणि त्यांच्यासोबत एक ब्लँक, ज्यात नमुना नसतो पण किटचं सगळं पाणी-पावडर जातं. त्यातल्या दोन बॅचमध्ये मॉक घाला. ते अख्ख्या पेशींचं मागवा. नुसत्या डीएनएचं मॉक आणलंत तर पेशी फुटल्या की नाही हे ते सांगू शकत नाही. पीसीआरचे दोन ब्लँक धरून ७२ अधिक ४ अधिक २ अधिक २, असे ८० होतात आणि ९६ खणांच्या एका प्लेटमध्ये आरामात बसतात. खणांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आता सिक्वेन्सिंगची ऑर्डर. १६एस जनुक साधारण १५०० अक्षरांचं असतं आणि आपण त्यातला व्ही३-व्ही४ हा तुकडा वाचतो. ३४१एफ आणि ८०५आर हे दोन टोकांना बसणारे प्रायमर धरून तो जास्तीत जास्त ४६५ अक्षरांच्या आसपास जातो. मशीन त्याला दोन्ही टोकांकडून वाचतं आणि दोन रीड मधोमध एकमेकांवर चढले तरच जोडता येतात. रीड साफ करून जोडणाऱ्या डाडा२ या प्रोग्रॅममध्ये किमान १२ अक्षरांची चढण लागते. ३०० अक्षरांचे दोन रीड मिळाले तर खराब शेपट्या कापायला मोकळीक राहते. एकदा आम्हाला ३०० ऐवजी २५० चे रीड आले आणि आम्ही ते न बघता कामाला लागलो. शेपट्या कापून २४० आणि २०० उरले, म्हणजे बेरीज ४४०, आणि तुकडा ४६५ चा. मधे भोक राहिलं आणि बहुतेक रीड जोडणीतच गळले. तेव्हा ऑर्डरवर रीडची लांबी लिहून घ्या. जोडलेल्या किंवा ‘स्वच्छ केलेल्या’ फाइली नकोत, कच्च्या फास्टक्यू हव्यात, आणि प्रायमर काढलेत की नाही हेही विचारा. प्रायमर रीडमध्येच असतील तर कापणी अशी होईल:

```r
filterAndTrim(fF, gF, fR, gR, trimLeft=c(17,21),
  truncLen=c(270,220), maxN=0, maxEE=c(2,4))
```

१७ आणि २१ या दोन प्रायमरांच्या लांब्या. २७० मधून १७ गेले की २५३ उरतात, २२० मधून २१ गेले की १९९. बेरीज ४५२. प्रायमर सोडून तुकडा जास्तीत जास्त ४२७ चा, म्हणजे २५ ची चढण. हा हिशोब तुमच्या फाइलींचा दर्जा बघून तुम्ही स्वतः पुन्हा मांडा. मग प्रत्येक पायरीला किती रीड उरले याचा तक्ता करा. जोडणीपाशी आकडा कोसळला तर कापणी जास्त झाली आहे. कायमेरा, म्हणजे पीसीआरमध्ये दोन जिवाणूंचे तुकडे जुळून झालेले खोटे रीड, काढताना अर्ध्याहून जास्त रीड गेले तर बहुधा प्रायमर आत राहिले आहेत, कारण त्यांतली मुद्दाम ठेवलेली बदलती अक्षरं प्रोग्रॅमला खोटे प्रकार वाटतात.

तुमच्या सरांनी ९७ टक्क्यांचे ओटीयू करायला सांगितलंय. मी एएसव्हीच्या, म्हणजे एका अक्षराचा फरकही वेगळा धरण्याच्या, बाजूची आहे, आणि कारण तुमच्याच प्रश्नात आहे. ९७ टक्के सारखेपणा म्हणजे एवढ्या तुकड्यात साधारण १२ अक्षरांचा फरक असला तरी दोन जिवाणू एकाच गठ्ठ्यात जातात. समजा एकाच्या पोटात प्रिव्होटेलाचे दोन प्रकार आहेत, फरक चार अक्षरांचा, आणि श्रावणात एक वाढला, दुसरा तेवढाच घटला. ओटीयूमध्ये काहीच घडलेलं दिसणार नाही. एएसव्ही ते दोघं वेगळे ठेवतो, कारण वाचताना झालेल्या चुका कोणत्या आणि खरे फरक कोणते, हे तो आधी शिकून घेतो. पण एएसव्हीची संख्या म्हणजे प्रजातींची संख्या समजू नका. ई. कोलायच्या एका पेशीत या जनुकाच्या सात प्रती असतात आणि त्या तंतोतंत सारख्या नसल्या तर एकच जिवाणू दोन-तीन नावांनी उभा राहतो. दोन एएसव्ही सगळ्या नमुन्यांत ठरावीक प्रमाणातच वर-खाली होत असतील तर ती एकाच पेशीतली भावंडं असण्याची शक्यता जास्त.

विविधतेच्या मापांत शॅनन घ्या. चार प्रकार प्रत्येकी २५ टक्के असतील तर तो १.३९ येतो. ८५, ५, ५, ५ असतील तर ०.५९. प्रकार चारच, पण दुसऱ्या पोटात एकाचंच राज्य आहे. ०.५९ चा घातांक काढला की १.८ मिळतात, म्हणजे ती वस्ती जेमतेम दोन समान प्रकारांएवढी वैविध्याची. चाओ१ मात्र वापरू नका. ते माप एकदाच दिसलेल्या प्रकारांवर चालतं आणि डाडा२ नेहमीच्या पद्धतीने चालवला तर एका नमुन्यात एकदाच आलेला प्रकार तो ठेवतच नाही. आकडा तरीही पडद्यावर येतो, म्हणूनच तो धोक्याचा. प्रकार मोजण्याआधी सगळे नमुने सारख्या रीडवर आणा, म्हणजे रेअरफाय करा, नाहीतर ज्याला ७०,००० रीड मिळाले तो १८,००० वाल्यापेक्षा उगाच समृद्ध दिसेल.

आणि शेवटी तुलना. ७२ ठिपके एका आलेखावर टाकून गट शोधायला जाल तर माणसामाणसांतला फरकच सगळं झाकून टाकेल. त्यापेक्षा प्रत्येक माणसासाठी ब्रे-कर्टिस अंतर, म्हणजे दोन नमुने किती वेगळे आहेत याचा ० ते १ मधला आकडा, दोनदा काढा, पहिल्या-दुसऱ्या नमुन्यातलं आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं. समजा एका पाळणाऱ्याचं ०.३१ वरून ०.४२ झालं, वाढ ०.११. न पाळणाऱ्याचं ०.२८ वरून ०.३६, वाढ ०.०८. दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये दिवस जास्त असल्यामुळे वाढ दोघांचीही होणारच. बघायचं ते हे, की पाळणाऱ्या १२ जणांची वाढ उरलेल्या १२ जणांपेक्षा खरंच जास्त आहे का, आणि त्याला विलकॉक्सनची साधी चाचणी पुरते. ही एकच मुख्य चाचणी असेल असं डेटा येण्याआधी वहीत तारीख घालून लिहा आणि चौघांच्या सह्या करा. सोमवारी ती वही, ट्यूबांच्या लेबलांची यादी आणि एथिक्स कमिटीच्या पत्राची प्रत सोबत आणा. यादीत लोकांची नावं नकोत, फक्त कोड.