भूपालराव गिळणकरांचं बारसं

आमच्या नाटकाचं पहिलं वाचन नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात झालं. लेआउटच्या जमिनी हडपणाऱ्या खलनायकाचं नाव मी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, क्रूरसेन ढमाढमे. तो आला की मंडळी खी खी हसायची. ढ, घ, भ ही अक्षरं भारदस्त, पण एकदाच आली तर. तीच पुन्हा आली की ढमढम, भडभड असे आपले नादशब्द कानात वाजतात आणि माणूस खेळण्यातला वाटू लागतो. वरून 'क्रूर' हा शब्द सगळं आधीच सांगून मोकळा. मग भीती कशाची?

म्हणून त्याचं दुसरं नाव ठेवलं, भूपालराव गिळणकर. सुरुवातीला एकच जड 'भू', बाकी वळण घरंदाज. 'गिळ' म्हणताना जीभ घास मागे ओढल्यासारखी वळते. अर्थही पहिल्यांदा ऐकताना दडलेला राहतो. दुसऱ्या अंकात नोकर विचारतो, "भूपाल म्हणजे भुईचा पालक, का भुईवरची पाल?" तिथे हशा येतो, पण भूपालराव हसत नाहीत आणि सभागृह गप्प होतं. नाव आधीच फोडलं असतं तर ही जागा मिळाली नसती.

विनोदी नावाला मात्र शेपूट ओळखीचं लागतं. 'एकच प्याला'तल्या तळीरामाच्या नावामागे घरगुती 'राम' आहे. ते नाव इतकं रुजलं की आज कुठल्याही दारुड्याला तळीराम म्हणतात. त्याच धर्तीवर मी हिशेब चुकवणाऱ्या मुनिमाला चुकदेव म्हटलं. कागदावर झकास! तालमीत मात्र शेवटच्या रांगेतल्या पाच जणांना नाव लिहायला सांगितलं तर चौघांनी 'सुखदेव' लिहिलं. 'चूक'मधला च दातांजवळचा, 'स'च्या शेजारचा. कान अनोळखी नाव ओळखीच्या नावात बसवून मोकळा होतो. म्हणून मुनिमाच्या तोंडी पहिलंच वाक्य टाकलं, "सुखदेव माझा भाऊ जी, मी चुकदेव. बारशातच चूक झाली." त्यानंतर कुणी चुकीचं ऐकलं नाही. मालक ओरडतो तेव्हा "चुकदेवाऽ" असा शेवटचा आ लांबवता येतो, हाही फायदा. हाक मारून बघितल्याशिवाय नाव पक्कं करू नका.

आडनावाबाबत मी एकदा पोळलो आहे. आधीच्या एका एकांकिकेत कंजूष सावकाराला मी 'वार'नं संपणारं खरं आडनाव दिलं होतं. आपल्या विदर्भात त्या शेवटावरून लोक समाज ओळखतात. प्रयोगानंतर एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमचंच नाव सापडलं का तुम्हाले?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून आता 'कर' लावायचा तो नसलेल्या गावाला. गिळण हे गाव आम्ही नकाशात शोधलं, ओळखीपाळखीत विचारलं, सापडलं नाही, तेव्हाच पाटीवर नाव रंगवलं.