पाळीच्या पहिल्या दिवशी चक्कर येते? आधी आडवं व्हा, आणि उठायची घाई करू नका

पाळीच्या पहिल्या दिवशी घेरी आली की घरात एकच निदान होतं, ‘अशक्तपणा आहे, नीट खात नाही.’ अशक्तपणा असेलही, पण एरवी धडधाकट असलेल्या मुलीही पहिल्या दिवशी कोसळतात. पाळी सुरू होताना गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी कळा येतात, आतडीही ढवळतात, म्हणून मळमळ आणि जुलाब. कळ फार तीव्र झाली की व्हेगस नावाची नस चेकाळते, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी एकदम खाली येतं. मेंदूला रक्त कमी पडलं की शुद्ध जाते. रक्तस्राव जेमतेम सुरू झालेला असतानाही हे होतं.

पूर्वतयारी थोडकीच आहे. उठल्यावर पाणी प्या, उपाशी राहू नका, कढत पाण्याने अंघोळ टाळा. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड दिलं असेल तर चाहूल लागताच, काहीतरी खाऊन घ्या. ‘सहन होईना की मग गोळी’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ही गोळी नवीन प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवते, आधी बनलेलं काढून टाकत नाही. दमा, पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

घेरी येण्याआधी शरीर सांगतं. जांभया येतात, थंड घाम फुटतो, कानात दडे बसतात, नजर कडेने काळी होत जाते. नेमकं याच वेळी पोटात ढवळतं म्हणून मुलगी बाथरूमकडे धावते आणि आतून कडी लावते. कडी लावू नका. जायचंच असेल तर कुणाला तरी सांगून जा, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर असाल तिथेच जमिनीवर आडव्या व्हा. पडण्यापेक्षा झोपणं बरं. आडवं होण्याइतकी जागा नसेल तर उकिडवं बसा, नाहीतर पायावर पाय घालून मांड्या, पोटऱ्या आणि नितंब घट्ट आवळून धरा. पायांत साचलेलं रक्त वर ढकललं जातं आणि काही क्षण हाती लागतात.

आता उठण्याची पायरी. मला ही फार काळ जमत नव्हती, आणि भोवतालची माणसं तिथेच सगळ्यात जास्त घोळ घालतात. माझ्या भाचीचं बघा. वय अठरा, पहिला दिवस, सकाळी बाथरूमच्या दारात कोसळली. आडवी केल्यावर मिनिटभरात शुद्धीवर आली, गालांवर रंग आला, ‘मी ठीक आहे’ म्हणाली. दोघांनी काखेत हात घालून तिला खुर्चीत बसवली. खुर्चीतच तिची मान परत कलली. शुद्ध येते ती आडवं झाल्यामुळे, बीपी सावरलं म्हणून नव्हे. अशा वेळी बसवून ठेवलं तर मेंदूला रक्त मिळतच नाही, हातपाय झटकेही देऊ शकतात आणि घरचे फिटच समजतात.

तर किमान दहा-पंधरा मिनिटं आडवं राहायचं, पाय उशीवर. शुद्ध नसताना तोंडात पाणी, साखर, काहीही घालायचं नाही. उलटी येत असेल तर कुशीवर वळवा. मळमळ ओसरल्यावर कुशीवरून जमिनीवरच बसायचं, घोटघोट पाणी प्यायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग बसल्या बसल्या पोटऱ्या आवळायच्या आणि कशाला तरी धरून उभं राहायचं. पुन्हा जांभई किंवा घाम आला तर परत आडवं. पुढच्या तासात एकटीने अंघोळीला जायचं नाही.

नंतर मशीनवर बीपी मोजलं तर बहुतेकदा ठीक येतं. भाचीचं १०४/६८ आलं. ‘लो बीपी नाहीच’ म्हणून विषय संपवू नका, बीपी पडतं ते त्या काही मिनिटांपुरतं. मोजायचंच तर पाच मिनिटं झोपून, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिनही तपासा. ते १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया आहे, आणि त्यावर उपचार हवेत.

काही वेळा घरी थांबायचंच नाही. पाळी चुकलेली किंवा लांबलेली असताना पोटात एका बाजूला किंवा खांद्यात दुखून घेरी आली, तर गर्भ नळीत असू शकतो. थेट इस्पितळ गाठा. सलग काही तास दर तासाला पॅड भिजत असेल, टॅम्पॉन वापरताना ताप आणि पुरळ आलं असेल, तरीही तेच. झोपलेल्या अवस्थेत किंवा धावताना शुद्ध गेली, त्याआधी छातीत धडधडलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्याचं खापर पाळीवर फोडू नका. ईसीजी काढून घ्या.