चालता चालता बोललेली कविता कागदावर कशी उतरवावी

रेकॉर्डर फोनमधला चालतो, वेगळा घ्यायची गरज नाही. गोदाकाठी वारा असतो, म्हणून फोन छातीशी न धरता कॉलवर बोलतो तसा कानाला लावून बोला. माइक तोंडाजवळ येतो आणि येणारे-जाणारेही वळून बघत नाहीत. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन ओळीत कॉल येतो. रेकॉर्डिंग सलग चालू ठेवू नका. सुचलं की बटण दाबा, दीड-दोन मिनिटं बोला, बंद करा. चाळीस मिनिटांची एकच फाइल घरी गेल्यावर कुणी ऐकत नाही.

बोलणं सोपं आहे. अडतं ते कागदावर उतरवताना, आणि मी तिथे वर्षभर चुकत होतो. ऐकायचो आणि स्वच्छ, पूर्ण वाक्यांत लिहून काढायचो. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘नाही नाही’ गाळायचो, मध्येच तुटलेलं वाक्य जोडायचो. हाती यायचा तो नीटनेटका परिच्छेद. मग त्याच्या ओळी पाडत बसायचं, आणि त्या कुठेही पाडल्या तरी तितक्याच चुकीच्या वाटायच्या. बोलून टाइप करणारी सोय वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. या कामासाठी तो ऐकू नका. ती सोय शब्द देते, पण तुम्ही कुठे थांबलात ते देत नाही, आणि ओळ कुठे तुटणार हे त्या थांबण्यातच असतं.

म्हणून हातानेच उतरवा. पहिल्यांदा पेन खाली ठेवून नुसतं ऐका. दुसऱ्यांदा जसंच्या तसं लिहा, अडखळण्यासकट, आणि जिथे थांबलात तिथे उभी रेघ मारा. एका मिनिटाच्या बोलण्याला मला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढी द्यावीच लागतात.

पण सगळ्या रेघा सारख्या नसतात. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना बोललात तर निम्म्या रेघा दमाच्या असतात. त्या ओळखू येतात: आधी श्वास ओढल्याचा आवाज असतो आणि तुटतं ते भलत्याच जागी, ‘काळ्या’ आणि ‘दगडावर’ यांच्या मध्ये. त्या खोडा. खरी रेघ म्हणणं पूर्ण झाल्यावर येते. तिथे श्वास ऐकू येत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. तिथे तुम्ही काहीतरी बघत होता.

एका सप्टेंबरात गंगापूर धरणाचा विसर्ग थांबल्यावर मी रामकुंडाकडे गेलो होतो. रेकॉर्डिंगमधून जसंच्या तसं उतरलं ते असं:

म्हणजे पाणी उतरलंय आता | पायऱ्या दिसायला लागल्यात | मारुतीच्या कमरेला रेघ आहे गाळाची, काळी | नाही, काळी नाही | चहाच्या कपाला राहते ना तशी | अं | वर एक बाई लुगडं वाळत घालतीये | दगड ठेवतीये त्याच्यावर, चारी कोपऱ्यांना

मारुती म्हणजे दुतोंड्या मारुती. पूर किती चढला हे नाशिककर त्याच्यावरूनच सांगतात.

यातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘नाही’. बोलताना आपण स्वतःला दुरुस्त करतो तिथे आधीचा शब्द सवयीचा असतो आणि नंतरचा डोळ्यांनी बघितलेला. ‘काळी’ हे कुणीही म्हणेल. कपाची रेघ मला त्या सकाळी दिसली. मी पूर्वी ‘नाही’ गाळायचो तेव्हा बरेचदा ‘काळी’ ठेवायचो आणि कप टाकून द्यायचो, कारण वाक्य त्यानेच सरळ व्हायचं. आता प्रत्येक ‘नाही’भोवती गोल करतो आणि त्याच्या आधीचं खोडतो.

मग कागद दोन दिवस बाजूला ठेवतो. तिसऱ्या दिवशी नव्या पानावर, रेकॉर्डिंग न ऐकता:

पाणी उतरलं.
मारुतीच्या कमरेला
चहाच्या कपाला राहते तशी रेघ.
वरच्या पायरीवर
एक बाई लुगडं वाळत घालतेय,
चार कोपऱ्यांवर चार दगड.

‘पायऱ्या दिसायला लागल्यात’ गेलं, कारण पाणी उतरलं म्हटल्यावर ते सांगायला नको. ‘गाळाची’ही गेलं, कपाने ते काम केलं. दगड शेवटी राहिले, कारण मी तिथेच बोलायचा थांबलो होतो. त्यापुढे पुराबद्दल एक मोठी ओळ लिहायचा मोह झाला होता. रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती, म्हणून लिहिली नाही.

एक धोका मात्र सांगतो. पावलांचा ठेका बोलण्यात शिरतो आणि चार-पाच ओळी एकाच लांबीच्या होतात. चालताना ते गोड वाटतं, कागदावर रटाळ होतं. त्यामुळे शेवटचा खर्डा खुर्चीत बसून मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप झुलायला लागतो तिथली एक ओळ मोडा.

मूळ रेकॉर्डिंग कविता पूर्ण होईपर्यंत पुसू नका. एखादी ओळ का खटकते हे कळत नसेल तर मूळ आवाजात ती कशी बोलली होती ते एकदा ऐका. बहुतेक वेळा एखादा शब्द आपण लिहिताना बदललेला असतो.