स्थिर शॉटला हलका पुश-इन: आधी पिक्सेलचा हिशोब

एडिटिंगला नव्याने बसणारे बहुतेकजण मला विचारतात, की ट्रायपॉडवरच्या मुलाखतीत नंतर पुश-इन, म्हणजे हळूहळू जवळ जाणारी हालचाल, घातली तर चित्र फाटतं का? मी उलट विचारतो: क्लिप केवढी आहे आणि टाइमलाइन केवढी?

क्लिप ३८४० × २१६० ची आणि टाइमलाइन १९२० × १०८० ची असेल, तर ५० टक्के स्केलवर ती फ्रेममध्ये नेमकी बसते. तिथून १०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी मूळ पिक्सेलच वापरले जातात. क्लिपही १०८० चीच असेल, तर १०० च्या पुढे सॉफ्टवेअर पिक्सेल मनाने भरतं. तिथे मी १०५च्या फारसा पुढे जात नाही.

प्रीमियरमध्ये एक फसवी जागा आहे. `Scale to Frame Size` निवडलं की क्लिप आधी १०८० ची होते आणि स्केल १०० दिसतो. त्यापुढे मोठं केलं की ४के असूनही चित्र मऊ पडतं. `Set to Frame Size` मूळ पिक्सेल राखतं आणि स्केल ५० दाखवतं. म्हणून कीफ्रेम टाकण्याआधी मी हा आकडा बघतोच.

आता दहा सेकंदांचा एक शॉट घेऊ. पहिल्या फ्रेमवर स्केल ५०, शेवटच्या फ्रेमवर ५४. म्हणजे चित्र आठ टक्के वाढलं. प्रेक्षकाला झूम जाणवत नाही, पण बोलणाऱ्याच्या जवळ गेल्यासारखं वाटतं. स्केल फ्रेमच्या मध्यापासून वाढतो, त्यामुळे मध्याच्या १८० पिक्सेल वर असलेले डोळे शेवटी साधारण १४ पिक्सेल आणखी वर सरकतात. ते जागेवर ठेवायला पोझिशनचा उभा आकडा ५४० वरून ५५४ करायचा. ५४ टक्क्यांवर वर-खाली प्रत्येकी ४३ पिक्सेल जादा असतात, त्यामुळे काळी कड दिसत नाही. सुरुवातीला ५० वर मात्र सरकवायला जागाच नसते. पहिल्या फ्रेमपासून चौकट हलवायची असेल, तर सुरुवातच ५२-५३ ने करावी.

कीफ्रेम मी लिनिअरच ठेवतो. शेवटी ईझ दिलं तर कटच्या आधी हालचाल मंदावते, आणि नेमकी तीच नजरेत भरते.

तपासताना व्ह्यूअर १०० टक्क्यांवर, फुल रिझोल्यूशनवर ठेवा आणि पापण्या, केस बघा. कमी उजेडातल्या शॉटमध्ये नॉइजचे दाणेही चित्राबरोबर मोठे होतात, कमी बिटरेटच्या फुटेजमध्ये कॉम्प्रेशनचे चौकोन दिसू लागतात. अशा वेळी पिक्सेलचा हिशोब बरोबर असूनही वाढ कमी करावी लागते.

पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे मी सहसा जात नाही, चित्र स्वच्छ राहिलं तरी. खरा कॅमेरा पुढे सरकला की माणूस आणि मागची भिंत वेगवेगळ्या प्रमाणात मोठी होतात; स्केलमध्ये दोन्ही एकाच मापाने वाढतात. वाढ जास्त झाली की हा सपाटपणा उघडा पडतो.